दोन चरण, चार आकडे

चार मात्रांचा चरण किती तऱ्हांनी बांधता येतो? लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन, एवढं शाळेतल्या वृत्तांच्या धड्यातलं बहुतेकांना आठवत असतं, आणि या प्रश्नाला तेवढं पुरतं. दोन गुरू, गुरू आणि मागून दोन लघू, लघू, गुरू, लघू, दोन लघू आणि मग गुरू, किंवा सरळ चार लघू. एकूण पाच. तीन मात्रांचे चरण तीन तऱ्हांचे, पाच मात्रांचे आठ, सहा मात्रांचे तेरा.

१, २, ३, ५, ८, १३, २१. आधीच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा. असं का, ते चरणाच्या शेवटच्या अक्षराकडे बघितलं की कळतं. ते लघू असेल तर त्याच्या आधी एक मात्रा कमी असलेला कोणताही चरण चालतो. गुरू असेल तर दोन मात्रा कमी असलेला. हा नियम बाराव्या शतकात अणहिलवाड पाटणच्या हेमचंद्राने छंदशास्त्रात सांगितला, आणि त्याच्याही आधी विरहांकाने. इटलीतल्या लिओनार्दो फिबोनाचीचं सशांचं गणित १२०२ सालचं आहे. जगभर हे आकडे फिबोनाचीच्या नावाने ओळखले जातात, पण छंदशास्त्रींनी ते मोजले होते एका अगदी व्यवहारी गरजेपोटी: एका मापाचे चरण किती होऊ शकतात, याचा हिशेब त्यांना हवा होता.

आता एका चरणाऐवजी दोन चरण घ्यावेत. दोन्ही सारख्याच मात्रांचे, पण पहिल्याची बांधणी दुसऱ्यावर कसलंही बंधन घालत नाही. चार मात्रांच्या अशा जोड्या पाच गुणिले पाच, म्हणजे २५. पाच मात्रांच्या ६४, सहाच्या १६९. ओळ तयार होते ती अशी: १, ४, ९, २५, ६४, १६९, ४४१. एका चरणाच्या आकड्यांना बेरजेचा साधा नियम होता. या वर्गांना तसा नियम आहे का? नुसतं बघून तो सापडणं कठीण. तो सापडतो क्रोनेकर गुणाकार नावाच्या एका क्रियेतून, आणि त्यासाठी मोठं गणित मांडावंच लागत नाही. एका चरणाचे दोन आकडे हाती असले की पुरे.

सुरुवात एका चरणापासून. मोजणी पुढे न्यायला दोन आकडे लक्षात ठेवावे लागतात: आत्ताच्या मापाचे चरण किती, ते p, आणि एक मात्रा कमी असलेले किती, ते q. मात्रा एकाने वाढली की p च्या जागी p + q येतो आणि q च्या जागी जुना p. ही अदलाबदल चार आकड्यांच्या चौकटीत मांडता येते. अशा चौकटीला मॅट्रिक्स म्हणतात. हिला F म्हणू.

```
F =  1  1
     1  0
```

वरची ओळ सांगते ‘दोन्ही मिळवा’, खालची सांगते ‘पहिला तेवढा उचला’. (३, २) या जोडीला F लावली की (५, ३) मिळते, मग (८, ५), मग (१३, ८).

प्रत्येक मॅट्रिक्सच्या काही खास जोड्या असतात. त्यांना मॅट्रिक्स लावली तरी त्यांच्यातलं प्रमाण बदलत नाही. सगळी जोडी एकाच पटीने मोठी किंवा लहान होते. ती पट म्हणजे मॅट्रिक्सचं आयगेनमूल्य. जर्मन भाषेत आयगेन म्हणजे स्वतःचं, आणि शब्द अगदी चपखल आहे, कारण ही पट त्या मॅट्रिक्सची स्वतःचीच असते. F साठी ती शोधायची तर x² = x + 1 हे वर्गसमीकरण सोडवायचं. उत्तरं दोन: १.६१८ आणि उणे ०.६१८. पहिलं सांगतं की चरणांची संख्या दर मात्रेला साधारण १.६१८ पट होत जाते. दुसरं दर पावलाला चिन्ह पालटतं आणि आकाराने घटत जातं, म्हणून थोड्याच पावलांत त्याचा मागमूस राहत नाही.

आता दोन चरण. पहिल्याची जोडी (p, q), दुसऱ्याची (r, s). दोन्ही मिळून मोजायचं तर चार गुणाकार जवळ ठेवावे लागतात: pr, ps, qr, qs. दोन्ही चरणांची मात्रा एकेकाने वाढवली की pr च्या जागी (p + q)(r + s) येतो. आठवी-नववीतल्या बीजगणितासारखा कंस सोडवला की pr + ps + qr + qs. दुसऱ्या जागी (p + q)r, म्हणजे pr + qr. तिसऱ्या जागी p(r + s), म्हणजे pr + ps. चौथ्या जागी नुसता pr. हे चार निकाल चौकटीत लिहिले की झालं:

```
F ⊗ F =  1  1  1  1
         1  0  1  0
         1  1  0  0
         1  0  0  0
```

हाच F चा F शी क्रोनेकर गुणाकार. वर्तुळात फुली असलेलं ⊗ हे त्याचं चिन्ह. चौकटीकडे जरा दुरून पाहिलं तर तिची घडण दिसते. पहिल्या F मध्ये जिथे १ आहे तिथे अख्खी दुसरी F ठेवली आहे, आणि जिथे ० आहे तिथे चार शून्यं. पहिल्या मॅट्रिक्समध्ये ३ असता तर त्या जागी दुसरीची तिप्पट बसली असती. पुस्तकांत व्याख्या अशीच दिलेली असते आणि ती जराशी आकाशातून पडल्यासारखी वाटते. खरं तर ती कंस सोडवण्याच्या क्रियेतूनच आलेली आहे.

आता या चार बाय चार मॅट्रिक्सची आयगेनमूल्यं हवी आहेत. सरळ वाटेने गेलं तर चौथ्या घाताचं समीकरण समोर येतं: x⁴ − x³ − 4x² − x + 1 = 0. ते सुटतं, पण नकोसं होतं. दुसरी वाट फार सोपी आहे. समजा पहिल्या चरणाची जोडी अशी आहे की F लावली की ती λ पट होते, आणि दुसऱ्याची अशी की ती μ पट होते. मग p आणि q दोन्ही λ पट झाले, r आणि s दोन्ही μ पट. चारही गुणाकारांत एक अवयव पहिल्या जोडीतला आणि एक दुसऱ्या जोडीतला, म्हणून चारही नेमके λμ पट होणार. थोडक्यात λμ हे मोठ्या मॅट्रिक्सचं आयगेनमूल्य झालं. सिद्धतेचा गाभा एवढाच.

म्हणून पाढ्यांच्या तक्त्यासारखा छोटा तक्ता मांडायचा. आडवी १.६१८ आणि −०.६१८, उभीही तीच, आणि चार घरांत चार गुणाकार. १.६१८ गुणिले १.६१८ म्हणजे २.६१८. दोन मिश्र घरांत −१ आणि −१. शेवटच्या घरात ०.३८२. चौथ्या घाताच्या समीकरणाची चार उत्तरं हीच.

ताळा करायला दोन सोपी साधनं आहेत. कोणत्याही मॅट्रिक्सच्या आयगेनमूल्यांची बेरीज तिच्या मुख्य कर्णावरच्या आकड्यांच्या बेरजेइतकी असते. मोठ्या चौकटीचा कर्ण १, ०, ०, ०, बेरीज १, इकडे २.६१८ वजा १ वजा १ अधिक ०.३८२, तीही १. दुसरं साधन गुणाकाराचं. सगळ्या आयगेनमूल्यांचा गुणाकार म्हणजे मॅट्रिक्सचा निश्चयक. दहावीच्या मुलांना हा शब्द क्रेमरच्या रीतीमुळे ओळखीचा असतो. F चा निश्चयक −१, आणि मोठ्या चौकटीचा तो दोन्ही निश्चयकांच्या वर्गांचा गुणाकार, म्हणजे १. निश्चयकाचा हा नियम १८५८ साली योहान गेओर्ग त्सेफुस या जर्मन गणितज्ञाने छापून प्रसिद्ध केला. क्रियेला नाव मात्र बर्लिनच्या लेओपोल्ड क्रोनेकरचं चिकटलं. हेंडरसन, पुकेल्सहाइम आणि सर्ल या तिघांनी १९८३ मध्ये या नावाचा इतिहास तपासून लेख लिहिला, तोवर त्सेफुसचं नाव जवळजवळ विस्मरणात गेलं होतं. न्यायाने बघितलं तर हा गुणाकार त्सेफुसच्या नावावर जायला हवा होता.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे. २.६१८ आणि ०.३८२ ही x² − 3x + 1 = 0 ची उत्तरं, आणि −१ साठी x + 1 हा अवयव. दोन्हींचा गुणाकार केला की x³ − 2x² − 2x + 1. याचा अर्थ असा: पुढचा वर्ग हवा असेल तर शेवटच्या वर्गाची दुप्पट करा, त्याच्या आधीच्याची दुप्पट त्यात मिळवा आणि त्याच्याही आधीचा वजा करा. ९ ची दुप्पट १८, ४ ची दुप्पट ८, वजा १: पंचवीस. २५ ची दुप्पट ५०, ९ ची १८, वजा ४: चौसष्ट. पुढे १२८ अधिक ५० वजा ९: एकशे एकोणसत्तर. नियम होता, आणि तो दोन आकड्यांच्या गुणाकारांतून बाहेर आला.

चाणाक्ष वाचकाला इथे एक गोष्ट खटकेल. −१ दोनदा आलं होतं आणि अवयव घेताना x + 1 एकदाच घेतला. एकाला गाळायचा अधिकार कुणी दिला? तो दिला F च्या सममितीने. F मधले आकडे कर्णाच्या दोन बाजूंना सारखे आहेत, त्यामुळे मोठी चौकटही सममित आहे. अशा मॅट्रिक्समध्ये एखादं मूल्य दोनदा आलं तर त्याच्या खास दिशाही दोन स्वतंत्र मिळतात आणि दोन्ही दिशा सारख्याच पटीने चालतात. म्हणून अवयव एकदा लिहिला तरी चालतं.

सगळीकडे असं चालत नाही. एक चटई घ्या. रोज तिची लांबी एक वीत वाढते आणि रुंदीही एक वीत. लांबीचा हिशेब ‘आजची लांबी अधिक रोजची भर’ असा, आणि त्याची मॅट्रिक्स ही:

```
J =  1  1
     0  1
```

हिची दोन्ही आयगेनमूल्यं १. रुंदीचंही तेच. मग क्षेत्रफळ सांभाळणाऱ्या J ⊗ J ची चारही मूल्यं १ गुणिले १, म्हणजे १. वाचन अगदी बरोबर आहे. पण त्यावरून कुणी म्हणेल की चटईचं क्षेत्रफळ जागच्या जागी राहील, तर ते सपशेल चुकेल. शून्यापासून सुरुवात केली तर दहाव्या दिवशी चटई दहा बाय दहा, म्हणजे शंभर चौरस वीत झालेली असते, आणि शंभराव्या दिवशी दहा हजार. कारण J ला खास दिशा दोन हव्या होत्या आणि तिच्याकडे एकच आहे. J ⊗ J ला चार हव्यात आणि मिळतात दोनच. त्यातलीही एकच दोन्ही चौकटींच्या खास जोड्यांच्या गुणाकारातून येते. आयगेनमूल्यं वाढीचा मूळ दर सांगतात. दिशा कमी पडल्या की त्या दरावर दिवसांच्या संख्येचा गुणक चढतो, आणि तो आयगेनमूल्यांच्या यादीत कुठेच दिसत नाही.

मग दिशा कमी असताना यादी तरी बरोबर येते याची हमी काय? वर दिलेला गाभा दिशांवर उभा होता, आणि त्याच अपुऱ्या असतील तर सगळी मूल्यं मिळाली असं म्हणता येत नाही. ही फट इसाय शूरने १९०९ मध्ये दिलेल्या एका प्रमेयाने बुजते. कोणतीही चौरस मॅट्रिक्स, मोजमापाचे अक्ष योग्य प्रकारे फिरवून, अशा रूपात आणता येते की कर्णाच्या खाली सगळी शून्यंच उरतात. अशा रूपात आयगेनमूल्यं कर्णावर उघडी पडलेली असतात. अशा दोन चौकटींचा क्रोनेकर गुणाकारही त्याच रूपात येतो, आणि त्याच्या कर्णावर सगळे λμ ओळीने बसलेले असतात. एकही सुटत नाही आणि एकही जास्तीचा येत नाही.

दुसरी अट जास्त महत्त्वाची आहे, आणि प्रत्यक्षात घसरणं होतं ते इथेच. दोन चरणांनी एकमेकांना विचारता कामा नये. समजा एखाद्या हट्टी कवीने ठरवलं की दोन्ही चरणांत एकाच जागी गुरू येऊ द्यायचा नाही: पहिल्यात दुसरी-तिसरी मात्रा मिळून गुरू झाला असेल तर दुसऱ्या चरणात त्याच दोन मात्रांवर गुरू नको. आता दोन मात्रांच्या जोड्या चारऐवजी तीन, कारण गुरू-गुरू ही जोडी बाद झाली. तीन मात्रांच्या नवाऐवजी सात, चारच्या पंचविसाऐवजी सतरा, पाचच्या चौसष्टाऐवजी एक्केचाळीस. वाढीची पट २.६१८ वरून २.४१४ वर येते. नेमकं सांगायचं तर एक अधिक दोनचं वर्गमूळ. हा आकडा १.६१८ आणि −०.६१८ यांना एकमेकांशी कसंही गुणलं तरी निघत नाही. इथे मोजणीची चौकटच तीन बाय तीन होते, कारण चार अवस्थांपैकी ‘दोन्हीकडे गुरू’ ही अवस्थाच हद्दपार झाली. प्रत्येक चरण सुटा घेतला तर तो पूर्वीसारखाच वागतो, पण जोडीत त्यांचा परस्परांशी संबंध आला आणि गुणाकार मोडला.

एखादी चार बाय चार मॅट्रिक्स हाती आली आणि ती दोन बाय दोनच्या दोन चौकटींचा गुणाकार आहे का, अशी शंका असेल, तर एक झटपट चाचणी आहे. पाढ्यांच्या चार घरांच्या तक्त्यात समोरासमोरच्या कोपऱ्यांचे गुणाकार सारखे असतात. आपल्या उदाहरणात २.६१८ गुणिले ०.३८२ म्हणजे १, आणि −१ गुणिले −१ म्हणजेही १. कुणी १, २, ३, ४ ही चार आयगेनमूल्यं समोर ठेवली तर त्यांच्या जोड्या कशाही लावा: १ × ४ आणि २ × ३ जुळत नाहीत, १ × २ आणि ३ × ४ नाहीत, १ × ३ आणि २ × ४ ही नाहीत. ती मॅट्रिक्स अशा गुणाकारातून आलेली नाही, एवढं नक्की. पण चाचणी एकाच दिशेने चालते. आकडे जुळले म्हणून मॅट्रिक्स गुणाकारच असेल असं नाही. शिवाय चार गुणाकारांवरून मूळचे आकडे एकाच पद्धतीने परत मिळत नाहीत. एका चौकटीला दुप्पट केलं आणि दुसरीला निम्मं केलं तरी तक्ता तोच राहतो.

संगणकावर हे करून बघणाऱ्याला आणखी एका सापळ्याची कल्पना असावी. पायथनमध्ये तीन वेगळे गुणाकार तीन वेगळ्या खुणांनी होतात.

```python
import numpy as np
F = np.array([[1, 1], [1, 0]])
print(np.linalg.eigvals(F * F))
print(np.linalg.eigvals(F @ F))
print(np.linalg.eigvals(np.kron(F, F)))
```

पहिली खूण घरातल्या घरात गुणाकार करते. F मध्ये नुसते शून्य-एक असल्याने उत्तर म्हणून F च परत येते, आणि छापले जातात १.६१८ आणि −०.६१८. दुसरा नेहमीचा मॅट्रिक्स गुणाकार, तो २.६१८ आणि ०.३८२ देतो. हा सर्वांत फसवा आहे. अपेक्षित सर्वांत मोठा आकडा दिसला की माणूस समाधानाने पुढे जातो, आणि दोन्ही −१ गहाळ झाले आहेत हे त्याच्या लक्षातही येत नाही. तिसऱ्यात चारही मिळतात, मात्र कोणत्या क्रमाने छापले जातील ते ठरलेलं नसतं. म्हणून उत्तर आलं की आधी आकडे किती आले ते मोजावेत: दोन आणि दोनच्या गुणाकारातून चार, तीन आणि चारच्या गुणाकारातून बारा. आकाराने मोठ्या कामात तर छोट्या चौकटींवर वाचन करण्यावाचून गत्यंतरच नसतं. शंभर बाय शंभरच्या दोन मॅट्रिक्सचा क्रोनेकर गुणाकार दहा हजार बाय दहा हजारांचा होतो, म्हणजे त्यात दहा कोटी आकडे असतात. तो प्रत्यक्ष लिहून काढणं शहाणपणाचं नाही, आणि त्याची आयगेनमूल्यं हवी असतील तर त्याची गरजही नाही.

राहिले ते दोन −१. वाढ २.६१८ ची, विरून जाणं ०.३८२ चं, −१ मात्र वाढतही नाही आणि विरतही नाही, प्रत्येक पावलाला फक्त कूस पालटतं. त्याची एक खास दिशा फार सुटसुटीत आहे: (०, १, −१, ०). वरच्या मोठ्या चौकटीने हिला गुणलं की (०, −१, १, ०) मिळतं, म्हणजे तीच दिशा उलट्या चिन्हाने. चार गुणाकारांच्या भाषेत या दिशेचा अर्थ ps − qr. दोन्ही चरणांची मात्रा एकेकाने वाढवली की ps − qr आकाराने तेवढाच राहतो, चिन्ह तेवढं बदलतं.

आता दोन चरण सारख्या मापाचे न घेता दुसरा एका मात्रेने लांब घ्यावा. पहिल्याची जोडी (५, ३), दुसऱ्याची (८, ५). ps म्हणजे ५ × ५ = २५, qr म्हणजे ३ × ८ = २४; फरक १. एक पाऊल पुढे: (८, ५) आणि (१३, ८). आठ अठ्ठे चौसष्ट, पाच तेरे पासष्ट, फरक −१. आणखी एक पाऊल: तेरा तेरे १६९, आठ गुणिले एकवीस १६८; फरक पुन्हा १. कितीही पुढे गेलं तरी हा फरक एकाच्या पलीकडे जात नाही, कारण त्याचं आयगेनमूल्य −१ आहे. हा नियम १६८० साली खगोलशास्त्रज्ञ कासिनीने मांडला आणि त्याच्याच नावाने तो ओळखला जातो. १.६१८ आणि −०.६१८ या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजेच कासिनीचा नियम, असंही म्हणता येईल.

चौसष्ट आणि पासष्ट यांची ही जवळीक एका जुन्या कागदी गमतीत वापरली गेली आहे. आठ बाय आठचा बुद्धिबळाचा पट घ्यायचा, त्याचे चार तुकडे करायचे: पाच घरं आणि तीन घरं अशा पट्ट्यांत कापून, तिरप्या रेषांनी दोन त्रिकोण आणि दोन समलंब चौकोन. तेच चार तुकडे वेगळ्या रीतीने मांडले की पाच बाय तेराचा आयत होतो. चौसष्ट घरांची पासष्ट झाली! मुलांसमोर हे करून दाखवलं तर ती जास्तीचं घर शोधत बसतात. ते दडलेलं असतं आयताच्या कर्णावर. तिथे तुकडे नीट भिडत नाहीत आणि एक अरुंद, लांबट फट राहते, तिचं क्षेत्रफळ बरोबर एक घर. कातरी आणि कार्डाचा कागद घेऊन ही फट डोळ्यांनी पाहता येते, पण रेषा बारीक हव्यात. जाड पेनाने आखल्या तर फट रेषेतच लपते आणि गंमत जास्तच खरी वाटू लागते. तेरा बाय तेराचा चौरस आठ बाय एकवीसच्या आयतात बदलला तर उलट होतं: एक घर कमी पडतं, कारण तिथे तुकडे एकमेकांवर चढतात. फट, मग चढ, मग पुन्हा फट.

हे कोडं १८६८ मध्ये जर्मन गणितज्ञ ओस्कार श्लोमिल्शने छापलं, ते ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर मातेमाटिक उंड फिजिक’ या नियतकालिकात. निश्चयकाचा नियम सांगणारा त्सेफुसचा तो लेखही, त्याच्या दहा वर्षं आधी, याच नियतकालिकात आला होता.